वैतागलेला व्यापारी, विफल झालेला करार

फळ्यावर 'फ्रस्ट्रेशन' हा शब्द लिहिला की मागच्या बाकावर कुणीतरी हसतंच. मराठीत हा शब्द केव्हाच राहायला आलाय, पण वेगळ्या घरात. लोकल चुकली, निकाल लांबला, लग्न जमेना, की माणसाला फ्रस्ट्रेशन येतं. कायद्याच्या पुस्तकात ते माणसाला येत नाही, कराराला येतं. माणूस कितीही वैतागलेला असो, त्याचा करार ठणठणीत असू शकतो. उलट दोन्ही पक्ष मजेत असताना त्यांचा करार कायद्याच्या लेखी संपलेलाही असू शकतो. म्हणून वर्गात मी 'करार विफल होणं' असं म्हणतो. शब्द थोडा कोरडा आहे, पण निदान वैतागाशी त्याची गल्लत होत नाही.

ही गल्लत नुसती शब्दाची असती तर प्रस्तावना लिहायचं कारण नव्हतं. उत्तरपत्रिका तपासताना दरवर्षी तीच चूक दिसते. प्रश्नात एखादा व्यापारी बुडताना दिसला की विद्यार्थ्याचं मन द्रवतं आणि तो लिहून मोकळा होतो: करार अशक्य झाला, सबब शून्य. व्यापारी बुडाला हे खरं असतं. करार अशक्य झाला हे मात्र प्रश्नात कुठेच दिलेलं नसतं.

या पुस्तिकेतले सगळे प्रश्न एकाच कलमाभोवती फिरतात: भारतीय संविदा अधिनियम 1872, कलम 56. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय आहेत आणि त्यातला एकच बरोबर आहे. पर्यायी प्रश्नांवर माझं फारसं प्रेम नाही. कायदा टिकमार्क करून शिकता येत नाही, असं मी अनेकदा बोललोही आहे. पण या कलमापुरती मी माघार घेतली. निबंधवजा उत्तरात विद्यार्थी दोन पानं 'एका दृष्टीने' आणि दोन पानं 'दुसऱ्या दृष्टीने' लिहितो, आणि शेवटी करार जिवंत आहे की नाही हे सांगतच नाही. कलम मात्र तेवढंच विचारतं, आणि जोडीला तारीखही विचारतं.

तारखेचं हे कलमाच्या रचनेतच आहे. कलमाचे तीन परिच्छेद आहेत. पहिला मुळातच अशक्य असलेल्या गोष्टीच्या कराराबद्दल. जादूने गुप्तधन शोधून द्यायचा करार हे कायद्यातच दिलेलं उदाहरण, आणि असा करार जन्मतःच शून्य. दुसरा परिच्छेद आपल्या कामाचा. करार झाला तेव्हा सगळं सुरळीत होतं. नंतर काहीतरी घडलं आणि ठरलेलं काम अशक्य झालं, किंवा वचन देणाऱ्याला रोखता न येणाऱ्या घटनेमुळे बेकायदेशीर झालं. अशा वेळी काम ज्या क्षणी तसं होतं, त्या क्षणी करार शून्य होतो. आधी नाही आणि नंतर कुणी नोटीस पाठवल्यावरही नाही. तिसरा परिच्छेद हातचं राखून बोलणाऱ्यांसाठी आहे: काम अशक्य किंवा बेकायदेशीर आहे हे वचन देणाऱ्याला माहीत होतं, किंवा जरा चौकशी केली असती तर कळलं असतं, आणि समोरच्याला ते माहीत नव्हतं, तर भरपाई द्यावी लागते.

सगळा वाद दुसऱ्या परिच्छेदातल्या 'अशक्य' या एका शब्दावर आहे. अशक्य म्हणजे किती अशक्य? यावर आपल्याकडचा पायाभूत निकाल कोलकात्याच्या एका प्लॉटचा आहे, आणि तो नीट पाहिल्याशिवाय पुढचा एकही प्रश्न सोडवू नये असं माझं मत आहे.

ढाकुरिया लेकच्या परिसरात मुगनीराम बांगूर आणि कंपनीची मोठी जमीन होती. तिथे प्लॉट पाडून वसाहत करायची योजना होती. कंपनी प्लॉटसाठी इसारा घेई, रस्ते नि गटारं बांधायची जबाबदारी स्वतःवर घेई, आणि ती कामं झाली की उरलेली रक्कम घेऊन खरेदीखत करून देई. 5 ऑगस्ट 1940 रोजी बिजय कृष्ण रॉय यांनी 101 रुपये इसारा देऊन असा एक करार केला. पुढच्या वर्षाच्या अखेरीस त्यांनी आपल्या जागी सत्यब्रत घोष यांना पुढे केलं. दरम्यान महायुद्ध बंगालच्या दाराशी आलं होतं. भारत संरक्षण नियमांखाली सरकारने त्या जमिनीचा बराच भाग लष्करी कामासाठी ताब्यात घेतला. कंपनीने अजून तिथे कुदळसुद्धा मारली नव्हती.

नोव्हेंबर 1943 मध्ये कंपनीने पत्र पाठवलं. जमीन सरकारकडे आहे, युद्ध कधी संपेल सांगता येत नाही, तेव्हा करार रद्द समजा. एका महिन्यात इसारा परत घ्या, नाहीतर सगळी रक्कम आत्ताच भरून खरेदीखत करून घ्या, रस्ते आम्ही युद्धानंतर करू. घोष यांनी दोन्ही नाकारलं आणि 1946 च्या जानेवारीत दावा लावला. खालच्या दोन न्यायालयांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. कलकत्ता उच्च न्यायालयाने तो फिरवला, करार विफल झाला असं म्हटलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि 16 नोव्हेंबर 1953 रोजी न्यायमूर्ती बी. के. मुखर्जी यांनी लिहिलेल्या निकालाने ते पुन्हा फिरलं.

त्या निकालात दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, आणि विद्यार्थी बहुधा एकच लक्षात ठेवतो. पहिली: 'अशक्य' म्हणजे हातापायांनी करता न येणारं एवढंच नव्हे. ज्या पायावर पक्षांनी सौदा केला तो पायाच एखाद्या अनपेक्षित घटनेने उखडला गेला, आणि ज्या हेतूने सौदा केला त्या दृष्टीने तो निरुपयोगी झाला, तरी कलमाच्या अर्थाने ते अशक्यच. म्हणजे दार थोडं रुंद झालं. ही ओळ पाठ करून विद्यार्थी बाहेर पडतो. पण त्याच निकालात त्या रुंद दारातून कंपनीला आत येऊ दिलेलं नाही. करारात कामाला मुदत ठरलेली नव्हती. करार झाला तेव्हा युद्ध सुरू होऊन वर्ष होत आलं होतं, तेव्हा अडथळे येणार हे दोघांनाही दिसत होतं. ताबा तात्पुरता होता. आणि काम सुरूच झालेलं नसल्यामुळे ते मध्येच बंद पडलं असंही म्हणता येत नव्हतं. रस्ते उशिरा झाले असते, एवढंच. उशिराने कराराचा पाया ढासळत नाही.

मी वर्गात विचारतो: त्याच करारात 'रस्ते 1942 च्या अखेरीपर्यंत' अशी मुदत घातली असती आणि मुदत हाच व्यवहाराचा गाभा असता, तर? बहुतेकांच्या चेहऱ्यावर तिथे पहिल्यांदा उजेड पडतो. घटना तीच, सरकार तेच, जमीन तीच. उत्तर बदलू शकतं, कारण करार बदलला. म्हणून प्रश्नातल्या आपत्तीकडे बघायच्या आधी कराराकडे बघावं. आपत्ती किती भयंकर होती हे दुय्यम. ठरलेलं काम नेमकं काय होतं आणि ते केव्हापर्यंत करायचं होतं, हे आधी.

आता दुसरी बाजू, निव्वळ अडचणीची. 1960 साली सर्वोच्च न्यायालयापुढे लष्कराला तूप पुरवणाऱ्या एजंटांचं प्रकरण आलं, अलोपी पर्शाद आणि भारत सरकार यांचं. करार युद्धापूर्वीचा, दर ठरलेले. युद्धात पुरवठ्याचा आकार आणि खर्च दोन्ही पार बदलले, तेव्हा वाढीव दर मिळावेत अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने ऐकलं नाही. परिस्थिती बदलली, काम अंगावर आलं, म्हणून करारातले दर बाजूला ठेवून न्यायाधीशांनी स्वतःला रास्त वाटेल तो दर बसवावा, अशी सोय आपल्या कायद्यात नाही. काही देशांच्या कायद्यात ती आहे. परिस्थिती फारच बदलली तर तिथलं न्यायालय करार दुरुस्त करून देऊ शकतं. आपल्याकडे करार एकतर जसाच्या तसा उभा असतो, नाहीतर पडलेला असतो. हा कडकपणा मला पूर्णपणे पटत नाही, पण परीक्षेत माझ्या पटण्याला गुण नाहीत.

इंग्लंडमधलं सुएझचं प्रकरण याच जातीचं आहे, आणि आकड्यांमुळे लक्षात राहतं. सुदानचा 300 टन भुईमूग पोर्ट सुदानहून हॅम्बुर्गला, 1956 च्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये पाठवायचा सौदा होता. 2 नोव्हेंबरला सुएझ कालवा बंद झाला. आफ्रिकेला वळसा घालून जाता येत होतं, पण भाडं जवळपास दुप्पट. विक्रेत्याने माल पाठवलाच नाही, आणि हाउस ऑफ लॉर्ड्सने त्याला दोषी धरलं. कालव्यातूनच न्यायचं असं करारात कुठे लिहिलेलं नव्हतं. भुईमूग काही नाशवंत नव्हता, आणि दोन महिन्यांत कधीही पाठवला तरी चालणार होता. रस्ता लांबला, माल पोहोचवणं अशक्य झालं नव्हतं. 2017 साली आपल्या सर्वोच्च न्यायालयाने इंडोनेशियातला कोळसा महागल्यामुळे अडचणीत आलेल्या वीज कंपन्यांना हेच सांगितलं: स्वस्त कोळसा मिळेल हा तुमचा हिशेब होता, कराराचा पाया नव्हता.

इथपर्यंत वाचून वाटेल की सीमारेषा सोपी आहे: महाग झालं तर अडचण, बंद झालं तर विफल. खऱ्या आयुष्यात घटना अशा एकेकट्या येत नाहीत. त्या एकामागोमाग, पायरीपायरीने येतात, आणि कोणत्या पायरीवर करार संपला हे ठरवावं लागतं. नाशिक जिल्ह्याने 2023 मध्ये अशाच तीन पायऱ्या पाहिल्या. 19 ऑगस्टला केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर 40 टक्के शुल्क लावलं. 29 ऑक्टोबरपासून प्रतिटन 800 डॉलर असं किमान निर्यात मूल्य लागू केलं, 31 डिसेंबरपर्यंत. आणि 8 डिसेंबरपासून निर्यातच बंद केली, 31 मार्च 2024 पर्यंत. या तारखा खऱ्या आहेत. खालचा व्यापारी आणि त्याचा सौदा मी प्रश्नासाठी रचला आहे.

समजा, लासलगावच्या एका व्यापाऱ्याने 5 ऑगस्ट 2023 रोजी दुबईच्या ग्राहकाशी करार केला. 100 टन कांदा, न्हावा शेवा बंदरात जहाजावर चढवून, टनाला 420 डॉलर. 31 जानेवारी 2024 पर्यंत, एक किंवा अधिक हप्त्यांत, आणि या मुदतीनंतर माल घेतला जाणार नाही. कराराला भारतीय कायदा लागू. निर्यातबंदी आली तर काय, याबद्दल करारात चकार शब्द नाही. ग्राहकाने 12,600 डॉलर आगाऊ दिले. 10 सप्टेंबरला व्यापाऱ्याने 40 टन पाठवले. उरलेले 60 टन कधीच गेले नाहीत. ग्राहक भरपाई मागतो, व्यापारी म्हणतो करारच उरला नाही.

प्रश्नाखालचे चार पर्याय असे. अ: 40 टक्के शुल्क लागताच करार शून्य झाला. आ: 29 ऑक्टोबरला, 420 डॉलरने माल पाठवणं बेकायदेशीर झालं तेव्हा, करार शून्य झाला. इ: 8 डिसेंबरला, उरलेल्या 60 टनांपुरता, करार शून्य झाला. ई: करार कधीच संपला नाही, व्यापाऱ्याने 60 टनांची भरपाई द्यावी.

'अ' हा कळवळ्याचा पर्याय. 420 डॉलरवर 40 टक्के म्हणजे टनाला 168 डॉलर. सप्टेंबरमध्ये पाठवलेल्या 40 टनांचंच शुल्क 6,720 डॉलर होतं, आणि जहाजावर चढवून देण्याच्या सौद्यात निर्यातीचं शुल्क विक्रेत्याच्या डोक्यावर असतं. त्याचा सगळा नफा त्यात वाहून गेला असेल, कदाचित भांडवलही. तरी 20 ऑगस्टला कांदा न्हावा शेव्याला नेता येत होता, जहाजावर चढवता येत होता, आणि त्यात काही बेकायदेशीर नव्हतं. तूपवाल्यांचं जे झालं तेच याचं. शिवाय व्यापाऱ्याने स्वतःच सप्टेंबरमध्ये माल पाठवला, यावरून करार जिवंत आहे असं तोही मानत होता हे उघड आहे.

'आ' हुशार विद्यार्थ्याला पकडतो. 800 डॉलरचं किमान मूल्य लागल्यावर 420 च्या भावाने माल सीमाशुल्कातून सुटणार नाही. म्हणजे ठरलेल्या किमतीला ठरलेलं काम कायद्यानेच बंद झालं. ही भाववाढ नव्हे, मनाईच. इथपर्यंतचा विचार अगदी बरोबर आहे, आणि नुसतं 'महागलं म्हणून अडचण' असं म्हणून हा पर्याय उडवणाऱ्यापेक्षा तो निवडणाऱ्याला मी जास्त मानतो. फक्त त्याने कॅलेंडर पाहिलेलं नाही. आदेश 31 डिसेंबरपर्यंत होता. कराराची मुदत 31 जानेवारीपर्यंत होती. मनाई संपल्यावर पूर्ण एक महिना हातात उरत होता. ढाकुरियाच्या प्लॉटसारखंच हे: अडथळा तात्पुरता, आणि करारात तो सोसायला जागा. मुदत 15 डिसेंबरची असती तर 'आ' कडे मी गंभीरपणे पाहिलं असतं.

8 डिसेंबरला ही जागा संपली. बंदी 31 मार्चपर्यंत, म्हणजे कराराच्या मुदतीपलीकडे दोन महिने. मुदतीनंतर माल नको असं करारातच म्हटलेलं, आणि कांद्याच्या सौद्यात वेळेला महत्त्व असतंच. चाळीत ठेवलेला कांदा आदेशाची वाट बघत थांबत नाही, कोंब काढतो नाहीतर सडतो. व्यापाऱ्याला ही बंदी रोखता येण्यासारखी नव्हती. म्हणून उत्तर 'इ'. 8 डिसेंबरला, 60 टनांपुरतं.

'ई' निवडणारे थोडे असतात, पण त्यांचा युक्तिवाद ऐकण्यासारखा आहे. कांद्याचा व्यापार करणाऱ्याला बंदी नवीन नाही. सप्टेंबर 2019 मध्ये ती आली होती, सप्टेंबर 2020 मध्येही आली होती. मग 1940 मध्ये युद्ध दिसत होतं तसं याला बंदीचं सावट दिसत नव्हतं का? दिसत होतं. पण ढाकुरियाच्या प्रकरणात जे दिसत होतं त्याने फक्त उशीर झाला, काम बेकायदेशीर झालं नाही. येणारी मनाई आधी दिसली म्हणून न्यायालय कुणाला कायदा मोडायला लावू शकत नाही. 'ई' ला बळ यायला करारात आणखी काहीतरी हवं: बंदीचा धोका विक्रेत्याने उचलल्याचं कलम. नैहाटी ज्यूट मिल्सचं 1967 चं प्रकरण तसं होतं. पाकिस्तानातून ताग आणण्यासाठी आयात परवाना मिळवायचं काम करारानेच खरेदीदारावर टाकलं होतं, आणि तो मिळाला नाही तर काय हेही करारातच होतं. परवाना नाकारला गेला तेव्हा मिलने विफलतेचा आधार घेऊन पाहिला. सर्वोच्च न्यायालयाने तो दिला नाही. धोका कुणाचा हे कराराने आधीच ठरवलेलं असलं की कलम 56 ला तिथे काम उरत नाही.

हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी. आमच्या व्यापाऱ्याच्या करारात 'सरकारी बंदी आल्यास करार संपुष्टात येईल' असं वाक्य असतं, तर उत्तर तेच आलं असतं, पण कलम 56 ने नव्हे. करारातल्या अटीने करार संपतो तेव्हा ते कलम 32 चं क्षेत्र. पर्यायांत दोन्ही कलमं शेजारी ठेवून परीक्षक हा सापळा हमखास लावतो. आणि बंदीचा आदेश वाचताना त्यातल्या सवलतीही वाचाव्यात. डिसेंबरच्या आदेशात, ज्या मालाचं भरणं आधीच सुरू झालं होतं किंवा जो सीमाशुल्काच्या ताब्यात गेला होता, त्याला वाट ठेवलेली होती. किमान मूल्याची अट नसती आणि व्यापाऱ्याचे 60 टन 7 डिसेंबरला जहाजावर चढत असते, तर अशक्यतेची सगळी चर्चा व्यर्थ ठरली असती.

एक पोटप्रश्न मी नेहमी तोंडी विचारतो. करारात हप्ते ठरलेले असते, '40 टन सप्टेंबरमध्ये, 60 टन 15 ऑक्टोबरपर्यंत', आणि व्यापाऱ्याने देशातला भाव चढतोय म्हणून दुसरा हप्ता दाबून ठेवला असता तर? मग 15 ऑक्टोबरलाच करारभंग झाला. 8 डिसेंबरची बंदी त्या भंगावर पांघरूण घालत नाही. ज्याने वेळेवर काम केलं असतं तर बंदीशी त्याची गाठच पडली नसती, त्याला ती बंदी ढाल म्हणून वापरता येत नाही.

करार संपला, पुढे पैशांचं काय? इथे विद्यार्थ्यांची दुसरी मोठी घाई. कलम 65 सांगतं की करार शून्य झाल्यावर ज्याला त्याखाली काही लाभ मिळाला असेल त्याने तो परत करावा. म्हणून ते लिहितात: व्यापाऱ्याने 12,600 डॉलर परत करावेत. पण 40 टन माल पोहोचला आहे, ग्राहकाने तो ठेवला आहे, आणि करार संपला तो फक्त पुढच्या 60 टनांपुरता. 40 टनांचे 420 ने 16,800 डॉलर होतात. त्यातून आगाऊ दिलेले 12,600 वजा करा. उलट ग्राहकच 4,200 डॉलर देणं लागतो. माल एक किलोही गेला नसता तर गोष्ट वेगळी होती, 12,600 चे 12,600 परत करावे लागले असते. कायद्यात गायकाचं उदाहरण आहे: हजार रुपये आगाऊ घेतले आणि आजारपणामुळे गाता आलं नाही, तर यजमानाचा बुडालेला नफा देऊ नये, पण हजार रुपये परत करावेत. आणि व्यापाऱ्याच्या चाळीत अडकलेल्या 60 टनांचा तोटा? बंदीनंतर देशात त्याला जो भाव मिळेल तो. बाकीचं त्याच्याच अंगावर. विफलता कराराचं ओझं उतरवते, नुकसान कुणाकडून भरून देत नाही.

दोन मर्यादा थोडक्यात, कारण त्यांच्यावर वेगळे प्रश्न आहेत. भाडेपट्ट्याला कलम 56 लागत नाही. फाळणीने पाकिस्तानात गेलेली शेतजमीन पट्ट्याने घेणाऱ्याने भाडं परत मागितलं तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये सांगितलं की पट्टा हे नुसतं वचन नव्हे, हक्काचं हस्तांतरण झालेलं असतं. लॉकडाऊनमध्ये दुकानाचं भाडं थकवणाऱ्यांनी कलम 56 चा आधार शोधला, तो तिथे मिळणारा नव्हता. दुसरं, लॉकडाऊन म्हणजे आपोआप विफलता असंही नाही. एप्रिल 2020 मध्ये मुंबई उच्च न्यायालयापुढे पोलाद आयात करणारे आले. कोरियातून माल निघालेला होता, आणि बँकेने पतपत्राचे पैसे देऊ नयेत अशी त्यांची मागणी होती. न्यायालयाने थांबवलं नाही. विक्रेत्याने आपलं काम केलं होतं, पोलाद अत्यावश्यक सेवेत धरलं गेलं होतं, आणि टाळेबंदी काही काळापुरती होती. सगळं जग बंद असताना दिलेला हा निकाल त्या वेळी अनेकांना निष्ठुर वाटला. ढाकुरियाचा निकाल वाचलेल्याला त्यात नवीन काही दिसलं नसतं.

पुस्तिकेतला पहिला प्रश्न मी मुद्दाम सोपा ठेवला आहे, आणि तो कलमातल्याच एका उदाहरणावर बेतला आहे. एका नटाने आगाऊ रक्कम घेऊन सहा महिने एका नाट्यगृहात काम करायचं कबूल केलं. मध्ये काही प्रयोगांना तो आजारी पडला आणि रंगमंचावर जाऊ शकला नाही. चार पर्यायांत दोन असे आहेत: 'संपूर्ण करार शून्य' आणि 'त्या त्या प्रयोगांपुरता करार शून्य'. कांद्याचे साठ टन आठवत असतील, तर पुढचं पान उलटायला हरकत नाही.